कबड्डीची हँडिकॅप लाइन: मुख्य चढाईपटू बाहेर बसला तर किती गुण वजा करायचे?

हँडिकॅप लाइन म्हणजे सामना बरोबरीचा ठरावा म्हणून बलवान संघाच्या गुणांतून आधीच वजा धरलेला फरक. अ −4.5 म्हणजे अ ने किमान 5 गुणांनी जिंकायला हवं. नवखे लोक अ संघाचे चढाईचे आणि पकडीचे सरासरी गुण एकत्र करतात, ब संघाचेही करतात आणि वजाबाकीला लाइन म्हणतात. पण अ ला मिळणारे चढाईचे गुण ब चा बचाव देत असतो, म्हणून आकडे दोन्ही बाजूंनी बघावे लागतात. चढाया आळीपाळीने होत असल्याने दोघांच्या वाट्याला जवळपास सारख्याच येतात. तेव्हा जोरात खेळणाऱ्या संघाला जास्त चढाया मिळतील, असं गृहीत धरू नका.

समजण्यापुरतं एक उदाहरण घेऊ. स्पर्धेची सरासरी एका संघामागे चढाईचे 20 आणि पकडीचे 10 गुण. अ चढाईत 22 मिळवतो आणि ब चा बचाव सरासरी 21 देतो. 22 + 21 − 20, म्हणजे अ चे अपेक्षित चढाईगुण 23. ब 19 मिळवतो आणि अ 19 देतो, म्हणून ब चे 18. पकडीचंही असंच. अ च्या पकडी 11 गुणांच्या आणि ब चे चढाईपटू समोरच्याला 10 देतात, म्हणून 11. ब च्या पकडी 10 गुणांच्या, पण अ चे चढाईपटू फक्त 9 देतात, म्हणून 9. बेरीज 34 विरुद्ध 27, फरक 7. लोणाचे 2 गुण वेगळे नोंदले जातात. अ सरासरी 1.6 लोण देईल आणि ब 0.9, असं धरलं तर आणखी 1.4 गुण. एकूण फरक 8.4.

पकडीच्या सरासरीत एक खोडी आहे. मैदानात तीन किंवा कमी बचावपटू असताना केलेल्या पकडीला 2 गुण मिळतात. त्यामुळे वारंवार तिघांवर येणारा, म्हणजे मुळात मार खाणारा संघ पकडीच्या तक्त्यात वर दिसू शकतो. यशस्वी पकडींची संख्या आणि पकडीचे गुण दोन रकान्यांत ठेवा. गुण भरपूर आणि पकडी कमी असतील, तर तो बचाव वाटतो तितका पक्का नाही.

8.4 हा आकडा तसाच लाइनवर चढवायचा नाही. आठ सामन्यांच्या सरासरीत योगायोगाचा भाग मोठा असतो. तो शून्याकडे ओढण्यासाठी 8 ÷ (8 + 8) असं वजन लावलं की निम्मा राहतो, म्हणजे 4.2. छेदातला दुसरा 8 हा आपण निवडलेला आकडा आहे. मागच्या हंगामावर तपासून तो ठरवा. म्हणून बरोबरी टाळायला जवळच्या अर्ध्या गुणावर नेलेली सुरुवातीची लाइन अ −4.5.

आता बातमी येते की अ चा मुख्य चढाईपटू खेळणार नाही. त्याची सरासरी 9 गुण. थेट 9 वजा करणं ही सगळ्यात महाग पडणारी चूक, कारण त्याच्या 16 चढाया हवेत विरत नाहीत, दुसरं कोणीतरी त्या करतं. त्याला दर चढाईमागे 0.56 गुण मिळत होते आणि बाकावरच्यांना 0.40, तर 16 × 0.16, सुमारे 2.6 गुणांचं नुकसान. तो 20 टक्के चढायांत पकडला जायचा आणि हे 27 टक्के जातील, तर ब ला 1.1 गुण जास्त. एकूण 3.7. अपेक्षित फरक 4.2 वरून 0.5 वर येतो, ब पुढे जात नाही. बाकावरच्यांचा 0.40 मात्र जपून वापरा. तो बहुधा सामना हातात असताना किंवा गेल्यावर मिळालेला असतो. पहिल्या फळीच्या सात जणांसमोर तो टिकेलच असं नाही. कोपरारक्षक बाहेर गेला तर हिशेब आणखी अवघड, कारण कोपरा आणि कव्हर जोडीने पकड करतात आणि एकाच्या जाण्याने दुसऱ्याचा आकडाही पडतो.

भाव काढायला अंदाज आणि प्रत्यक्ष फरक यांतल्या चुकांचं प्रमाण विचलन लागतं. ते 10 धरू. अपेक्षित फरक 0.5 आणि लाइन अ −0.5 असेल तर दोन्ही बाजू 50 टक्के. 5 टक्के मार्जिन लावून प्रत्येकीचा भाव 1 ÷ 0.525, सुमारे 1.90. लाइन −3.5 असती तर (0.5 − 3.5) ÷ 10, म्हणजे −0.3. अ ची शक्यता 38 टक्के, मार्जिनशिवाय भाव 2.62. भारतात पैशांच्या ऑनलाइन खेळांवर 2025 च्या कायद्याने बंदी आहे, तेव्हा इथे हे गणित विश्लेषणापुरतंच वापरा.

जुना डेटा वापरताना 7 या फरकाकडे लक्ष ठेवा. प्रो कबड्डीत अनेक हंगाम 7 किंवा कमी फरकाने हरणाऱ्याला 1 गुण मिळायचा. त्यामुळे 9 गुणांनी मागे असलेला संघ शेवटच्या मिनिटात फरक 7 वर आणायला धडपडायचा आणि 6 वर असलेला वेळ काढायचा. 2025 च्या बाराव्या हंगामापासून तो गुण नाही. −6.5 आणि −7.5 या लाइनमधलं अंतर जुन्या निकालांवरून मोजलं असेल, तर ते नव्या हंगामासाठी पुन्हा मोजा.