एसडब्ल्यूआर उत्तम, तरी सिग्नल पोचत नाही: व्हीएनए वापरताना या चुका टाळा

गच्चीवर दोन मीटर बँडचा अँटेना, तिथून खाली खोलीपर्यंत वीस मीटर आरजी-५८ केबल, आणि खालच्या टोकाला व्हीएनए, म्हणजे अँटेना आणि केबल मोजणारं यंत्र. स्क्रीनवर १४५ मेगाहर्ट्झला S11, म्हणजे परत आलेला सिग्नल, उणे १४ डीबी. त्यावरून एसडब्ल्यूआर, म्हणजे जुळणीचा आकडा, दीड; एक म्हणजे परिपूर्ण जुळणी. माणूस खूश होतो, केबल रेडिओला जोडतो, आणि गावाबाहेरचा रिपीटर काही लागत नाही. मग रेडिओवर संशय, रिपीटरवर संशय. व्हीएनएवर मात्र कुणी संशय घेत नाही, आणि तो खोटं बोललेलाही नसतो. आपण विचारलेला प्रश्न वेगळा होता आणि त्याने उत्तर दिलं ते वेगळ्याच प्रश्नाचं.

व्हीएनए स्वतः एक लहानसा सिग्नल बाहेर पाठवतो आणि त्याच्याशी दोन गोष्टी ताडून बघतो: त्याच पोर्टवर परत किती आलं, आणि दुसऱ्या पोर्टवर पलीकडे किती पोचलं. नुसतं किती एवढंच नाही, तर कोणत्या फेजमध्ये, हेही. यांनाच एस-पॅरामीटर म्हणतात. आकडे वाचताना गोंधळ होतो तो क्रमाचा: दुसरा आकडा सिग्नल कुठून आत गेला ते सांगतो, पहिला कुठून बाहेर आला ते. म्हणजे S21 हा एक नंबरच्या पोर्टमधून निघून दोन नंबरला पोचलेला सिग्नल, आणि S11 हा एकातून जाऊन एकातच परत आलेला. अँटेनाला जोडायला एकच टोक असतं, म्हणून तिथे S11 बघायचा. केबलची दोन्ही टोकं हाताशी असतील तर S21 थेट तिची घट दाखवतो.

आता वरच्या उदाहरणाकडे येऊ. आरजी-५८ ची घट १४५ मेगाहर्ट्झला वीस मीटरमागे साधारण ४ डीबी धरा. व्हीएनएचा सिग्नल वर जाताना ४ डीबी गमावतो, अँटेनावर आपटून परत येताना आणखी ४. म्हणजे अँटेनाने काहीही केलं तरी परत आलेला सिग्नल आधीच ८ डीबीने बारीक झालेला असतो. खाली दिसलेल्या उणे १४ मधले हे ८ बाजूला काढा. अँटेनाचा खरा S11 उरतो उणे ६ डीबी, म्हणजे एसडब्ल्यूआर तीन. पाच वॉटच्या हँडसेटमधून निघालेले जेमतेम दोन वॉट वर पोचतात आणि त्यातला चौथा हिस्सा अँटेना परत फेकतो.

यापुढची गोष्ट जास्त महत्त्वाची. अँटेना पूर्ण काढून टाकला आणि वरचं टोक उघडं सोडलं, तरी खाली S11 उणे ८ डीबी दिसेल, म्हणजे एसडब्ल्यूआर सुमारे २.३. कोकणातल्या दोन-तीन पावसाळ्यांत कनेक्टरमधून पाणी शिरलं, आतली जाळी काळी पडली आणि केबलची घट ४ वरून ६ डीबी झाली, की त्याच उघड्या टोकाचा एसडब्ल्यूआर १.७ च्या आसपास येतो. केबल जितकी सडते तितका खालचा आकडा देखणा होतो. म्हणून वर्षभरात आपोआप सुधारलेला एसडब्ल्यूआर दिसला, तर आनंद मानण्याआधी केबल तपासावी. आणि आकडा खरोखर चांगला असला तरी तो जुळणीबद्दलच सांगतो. ५० ओहमचा डमी लोडही सुंदर S11 देतो, पण त्यातून हवेत काही जात नाही.

यावरचा उपाय अवघड नाही. व्हीएनए जे सांगतो ते कॅलिब्रेशन जिथे केलं त्या जागेच्या पुढचं सांगतो. एसएमए कनेक्टरचे ओपन, शॉर्ट आणि लोड हे कॅलिब्रेशनचे तीन नग थेट यंत्राच्या तोंडाशी लावून कॅलिब्रेशन केलं, की त्यापुढचा प्रत्येक अडॅप्टर, जंपर आणि वीस मीटर केबल ‘अँटेना’ म्हणूनच मोजली जाते. आधी केबल एकटी मोजा: वरचं टोक उघडं ठेवून S11 बघा आणि आलेल्या डीबीचं निम्मं करा, ती केबलची एकेरी घट. रेघ थोडी लाटांसारखी दिसते, म्हणून एका बिंदूवर बोट न ठेवता बँडच्या आजूबाजूची सरासरी घ्या. टोक शॉर्ट करून पुन्हा बघितलं आणि दोन्हींची सरासरी काढली तर अंदाज आणखी नीट येतो. मग कॅलिब्रेशनचे तिन्ही नग वर नेऊन केबलच्या वरच्या टोकालाच कॅलिब्रेशन करा. एकजण वर नग बदलणारा, एकजण खाली बटण दाबणारा, एवढंच लागतं. त्यानंतर दिसेल तो S11 फक्त अँटेनाचा. यंत्रच वर नेऊन मोजायचा मोह होतो, पण अँटेनाशेजारी उभं राहिलेलं माणसाचं शरीर आकडा हलवतं, म्हणून ही लांबून मोजायची पद्धत मला जास्त भरवशाची वाटते. केबलची घट दहा-पंधरा डीबीपर्यंत गेली असेल तर मात्र ती आधी बदला. तिच्या आडून मोजायला फारसं काही उरत नाही.

कॅलिब्रेशन झालं तरी ते कुठल्या पट्ट्यासाठी झालं ते बघावं लागतं. सुरुवातीचा नॅनोव्हीएनए एका फेरीत १०१ बिंदू घेतो. ५० किलोहर्ट्झ ते ९०० मेगाहर्ट्झ असा अख्खा पट्टा ठेवला, तर दोन बिंदूंत सुमारे ९ मेगाहर्ट्झचं अंतर पडतं. आपला दोन मीटर बँड १४४ ते १४६, म्हणजे त्यात एखादाच बिंदू. अँटेनाची दरी दोन बिंदूंच्या मधे हरवते आणि आपण नसलेला दोष शोधत बसतो. म्हणून आधी पट्टा १४० ते १५० ठेवा आणि मगच CAL मध्ये जाऊन RESET, आणि पुन्हा CALIBRATE. पट्टा नंतर बदलला तर स्क्रीनच्या डाव्या कडेचा मोठा C लहान c होतो. याचा अर्थ यंत्र जुन्या बिंदूंवरून अंदाज बांधतंय.

कॅलिब्रेशन बरोबर आहे का हे तपासायला तोच लोड पुन्हा लावून उपयोग नाही. ज्याला यंत्राने ५० ओहम मानलं तो परिपूर्णच दिसणार, मग तो प्रत्यक्षात ६० ओहमचा का असेना. टी-कनेक्टरवर दोन वेगळे ५० ओहमचे लोड एकत्र लावा. मिळून २५ ओहम होतात, एसडब्ल्यूआर दोनच्या जवळ यायला हवा. अँटेना किंवा केबल जोडून S11 शून्य डीबीच्या वर जात असेल तर कॅलिब्रेशन बिघडलंय किंवा जवळच्या ट्रान्समीटरचा सिग्नल आत शिरतोय. निष्क्रिय वस्तू मिळालं त्याहून जास्त परत देऊ शकत नाही.

केबलची लांबी किंवा तुटकी जागा शोधताना टीडीआर, म्हणजे सिग्नल परत यायला लागलेल्या वेळेवरून अंतर काढणारी सोय, वापरत असाल तर वेग-गुणांक, म्हणजे केबलमधला सिग्नलचा वेग प्रकाशाच्या वेगाच्या किती पट, तो भरायला विसरू नका. घन पॉलिथिनच्या आरजी-५८ साठी तो ०.६६. तिथे १ राहिला तर वीस मीटरची केबल तीस मीटरची दिसते.

अँटेना जोडण्याआधी केबलची मधली पिन क्षणभर बाहेरच्या जाळीला टेकवा. लांब केबलवर साठलेला स्थिर विद्युतभार पोर्टचा निकाल लावू शकतो. आणि नवी केबल टाकाल त्या दिवशीच उघड्या टोकाची मोजणी s1p फाइलमध्ये जपून ठेवा. पावसाळा संपल्यावर अँटेना सोडवून तीच मोजणी घ्यायची. उणे ८ चे उणे ११ झाले असतील, तर केबलच्या एकेरी घटीत दीड डीबी पाण्यात गेलेत, आणि पहिला संशय वरच्या कनेक्टरवर.