कुंडीतल्या लिंबाची पानं पिवळी पडतायत? या चुका टाळा (मी सगळ्या करून बसलोय)

गच्चीवर २० इंची कुंडीत आमचं कागदी लिंबाचं झाड आहे, नर्सरीतून कलम आणलं होतं, आता चौथं वर्ष. पहिली दोन वर्षं मस्त चाललं, चहात-पोह्यात घरचं लिंबू, बायको पण खूश. मग तिसऱ्या वर्षी फेब्रुवारीत नवीन पालवी आली ती पिवळीच आली. म्हणजे शेंड्याची कोवळी पानं जवळपास लिंबाच्याच रंगाची आणि त्यात शिरा तेवढ्या हिरव्या, अगदी जाळीसारख्या दिसायच्या. खालची जुनी पानं मात्र बऱ्यापैकी हिरवी होती, आणि नेमकी हीच गोष्ट मी बघितली नाही.

पिवळं पान दिसलं की हात आपोआप खताच्या डब्याकडे जातो. माझाही गेला. एक मोठा चमचा युरिया कुंडीत, तोही मार्चच्या उन्हात आणि माती अर्धवट सुकलेली असताना. चार दिवसांत पानांच्या कडा तपकिरी होऊन चुरचुरीत झाल्या, निम्मी पानं गळली. मग कोणीतरी म्हणालं एप्सम सॉल्ट टाक, ते टाकलं. मग शेजारच्या काकू म्हणाल्या "अरे चुन्याची निवळी घाल, आमच्या गावाकडे घालायचे", ती पण घातली. काकूंचा काही दोष नाही, गावाकडची माती आणि विहीर वेगळी होती. माझ्या कुंडीत मात्र ते आगीत तेल झालं, का ते खाली सांगतो.

चूक १: कुठलं पान पिवळं आहे ते न बघता औषध करणं

आधी झाडाजवळ जाऊन नीट बघा, पिवळेपणा वर आहे का खाली. हे बघितलं की अर्धं काम झालं.

खालची जुनी पानं सगळीच्या सगळी फिकट पिवळी, शिरांसकट, आणि वाढ पण मंदावलेली असेल तर नत्र कमी पडतंय. झाड जुन्या पानातलं नत्र काढून नव्या पानाला देतं म्हणून आधी खालची पानं जातात. जुन्याच पानांवर कडेकडून पिवळं आणि देठाजवळ उलट्या इंग्रजी व्ही सारखा हिरवा त्रिकोण शिल्लक राहिला असेल तर मॅग्नेशियम, तिथे एप्सम सॉल्ट चालतं, लिटरला ५ ग्रॅम घेऊन पानांवर फवारायचं. पण नवीन पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर बहुतेक वेळा लोहाची कमतरता असते, कारण लोह झाडात एकदा बसलं की जुन्या पानातून नव्या पानात फारसं सरकत नाही. माझी केस ही होती आणि मी इलाज करत होतो नत्र आणि मॅग्नेशियमचा.

आणि चौथा प्रकार, सगळ्यात जास्त दिसणारा: वरची-खालची सगळीच पानं मलूल, पिवळट, माती ओली असून पण झाड सुकल्यासारखं. हे पाणी जास्त झाल्याचं लक्षण, मुळं गुदमरलीत. यात खत टाकणं म्हणजे अपचन झालेल्याला श्रीखंड वाढणं.

थंडीत एखाद-दोन जुनी पानं पिवळी होऊन गळली तर तिकडे लक्ष पण देऊ नका, पानाचं वय झालं की ते गळतंच.

चूक २: मातीत लोह असतानाही लोह कमी पडतं, हे न कळणं

बऱ्याचदा मातीत लोह पुरेसं असतं, फक्त झाडाला ते घेता येत नाही. लिंबाला माती किंचित आंबट लागते, पीएच साधारण ६ ते ७ च्या मध्ये. आमच्याकडे उन्हाळ्यात बोअरचं पाणी येतं, बादलीच्या तळाशी पांढरा थर बसतो असं. हेच पाणी दोन-तीन वर्षं कुंडीत घातलं की माती अल्कधर्मी होत जाते आणि लोह अशा रूपात जातं की मुळांना उचलता येत नाही. त्यात मी चुना घातला! म्हणजे पीएच अजून वर. अंड्याची टरफलं त्या मानाने निरुपद्रवी, विरघळायलाच खूप वेळ लागतो त्यांना, पण उपयोगही नाही.

दुसरं कारण कुंडीच्या खाली सापडलं. कुंडी तिरकी करून बघितली तर चार भोकांपैकी तीन बंद, मुळं बाहेर येऊन फरशीला चिकटलेली आणि त्यावर मातीचा चिखल घट्ट बसलेला. वर माती कोरडी दिसायची आणि खाली मात्र वास मारत होता. ओल्या कोंडलेल्या मातीत मुळं लोह घेऊच शकत नाहीत. म्हणजे दोन्ही बाजूंनी मार.

मी जे केलं ते असं. आधी भोकं मोकळी केली, बाहेर आलेली मुळं कापली, कुंडीखाली विटांचे तीन तुकडे ठेवले म्हणजे खालून हवा खेळेल आणि ताटलीतलं साचलेलं पाणी कायमचं बंद. मग आठ-दहा दिवस माती नीट वाळू दिली, बोट दोन पेरं खोल घालून कोरडं लागलं तरच पाणी. आणि मग चिलेटेड लोह, म्हणजे मुळांना उचलता येईल अशा रूपात बांधून ठेवलेलं लोह.

इथे दुकानात एक गडबड होते. बहुतेक कृषी सेवा केंद्रात 'चिलेटेड फेरस' मागितलं की ईडीटीए वालं १२ टक्के मिळतं. ते पानावर फवारायला चांगलं, लिटरला १ ग्रॅम, संध्याकाळी. पण मातीत घालायचं असेल आणि माती अल्कधर्मी असेल तर ईडीटीए टिकत नाही, लोह सोडून देतं आणि पैसे वाया. त्यासाठी ईडीडीएचए वालं ६ टक्के मागा, महाग असतं पण जास्त पीएचला पण टिकतं. पाण्यात टाकलं की रक्तासारखा लालभडक रंग येतो, तीच त्याची खूण. मी ५ ग्रॅम ५ लिटर पाण्यात मिसळून ओलसर मातीत संध्याकाळी दिलं, कारण उन्हात ते खराब होतं. फरशीवर सांडू नका, डाग जात नाही, मला घरून अजून ऐकावं लागतं.

आणि पाण्याचं काय? पावसाचं पाणी साठवता आलं तर उत्तम. नाहीतर बादलीत चिमूट चिमूट सायट्रिक अ‍ॅसिड टाकून पीएच पट्टीवर ६ ते ६.५ आला की थांबायचं. प्रत्येकाचं पाणी वेगळं म्हणून ठराविक प्रमाण सांगत नाही, पट्टी मात्र घ्याच, स्वस्त असते.

तीनेक आठवड्यांनी जी पुढची पालवी आली ती हिरवी आली. आधीची पिवळी पानं मात्र पूर्ण हिरवी झाली नाहीत आणि होतही नाहीत, त्यामुळे इलाज लागू पडला का ते नेहमी पुढच्या पालवीवरून ठरवा. जुन्या पानाकडे बघून रोज नवीन काहीतरी टाकत राहिलात तर झाड जाईल.

चूक ३: वर्षातून एकदा भरपूर खत

लिंबू खादाड झाड आहे हे खरं, पण कुंडीत मुळांना पळायला जागा नसते. शेतात एका झाडाला घालतात तसं मूठभर रासायनिक खत कुंडीत घातलं तर मुळं भाजतात. माझं आता असं चाललंय: दर महिन्याला दोन ओंजळी गांडूळखत किंवा चांगलं कुजलेलं शेणखत, दोन महिन्यांतून एकदा मूठभर निंबोळी पेंड मातीच्या वरच्या थरात उकरून, आणि पालवीच्या आणि फळाच्या दिवसात १५ दिवसांनी विद्राव्य १९:१९:१९, लिटरला २ ग्रॅम. लेंडीखत मिळालं तर छान, फक्त ताजं नको, कुजलेलंच हवं.

पाणी आधी, खत नंतर, हा क्रम कधी उलटा करू नका. मला युरियाने शिकवलं ते हेच. आणि कुंडीच्या कडेला पांढरी खारट पूड जमायला लागली की समजा क्षार साठलेत, मग एक दिवस कुंडीच्या तीन-चारपट पाणी हळूहळू सोडून सगळं खालून वाहून जाऊ द्या, त्यानंतर आठवडाभर खत बंद. फक्त भोकं उघडी आहेत ना ते आधी बघा, नाहीतर डबकं होईल.

चूक ४: छाटणी एकतर करायचीच नाही, नाहीतर पार मुंडण करायचं

लिंबू पानांत आणि फांद्यांत अन्न साठवतं, म्हणून एकदम निम्मं झाड उडवलं की फळ पण जातं. कुंडीत एका वेळी फार तर पाचवा हिस्सा काढा. आधी सल, म्हणजे वाळलेल्या फांद्या, नखाने साल खरवडली की आत हिरवं दिसत नाही त्या. मग सरळ वर सुसाट वाढणारे जाड, काटेरी पाणसोट, ते फळ कमी देतात आणि अन्न जास्त खातात. मग एकमेकांवर घासणाऱ्या फांद्या. बस.

पण एक फुटवा असा आहे की त्याला दयामाया नको. कलमाच्या सांध्याच्या खालून, म्हणजे खोडावर जिथे गाठ किंवा तिरपी खूण दिसते तिच्याखालून जे फुटतं, ते तुमचं लिंबूच नाही, खुंट आहे, म्हणजे ज्यावर कलम बांधलं ते खालचं झाड. आपल्याकडे खुंटाला बऱ्याचदा जंबुरी किंवा रंगपूर लाईम वापरतात. वरच्या फांदीचं आणि या फुटव्याचं पान शेजारी धरून बघा, पान मोठं आणि चोळल्यावर वास वेगळा येतो. आमच्या इमारतीतल्या एकांनी हा फुटवा "किती जोमात वाढतोय" म्हणून कौतुकाने वाढवला, दोन वर्षांत वरचं कलम वाळून गेलं आणि खडबडीत सालीची मोठी लिंबं लागायला लागली. त्यांनी शेवटपर्यंत नर्सरीवाल्यालाच शिव्या घातल्या. बोटाएवढा असतानाच खोडालगत उपटून काढा, कापला तर परत फुटतो.

छाटणी पावसात नको. लिंबाला खैऱ्या म्हणजे कँकर असतो, पानावर-फळावर खडबडीत तपकिरी फोड आणि भोवती पिवळं वलय, तो पाण्याच्या थेंबाने आणि जखमेतून पसरतो. कोरडे दिवस बघून कापा, कात्री प्रत्येक झाडानंतर स्पिरिटने पुसा. पेनापेक्षा जाड फांदी कापली असेल तर जखमेवर बोर्डो पेस्ट लावा, १०० ग्रॅम मोरचूद आणि १०० ग्रॅम चुना एक लिटर पाण्यात, पण दोन्ही वेगवेगळे भिजवून मग एकत्र, आणि भांडं प्लास्टिकचं घ्या, लोखंडाचं नको. एवढंसं लागतं, त्यामुळे दहावा हिस्सा केलात तरी पुरतं. आणि हो, हा चुना मात्र फांदीवर, कुंडीत नाही.