वेबिनारमधून प्रचाराची क्लिप काढताना या चुका टाळा

चिकोडी आणि निपाणी भागातल्या ऊस उत्पादकांसाठी आम्ही मागच्या सप्टेंबरात हुमणीवर, म्हणजे उसाची मुळे खाणाऱ्या भुंगेऱ्याच्या अळीवर, ८० मिनिटांचे ऑनलाइन सत्र घेतले होते. त्याच विषयाचे पुढचे सत्र मे महिन्यात, वळीव पडण्याच्या आधी ठेवायचे ठरले आणि त्याच्या नोंदणीसाठी जुन्या रेकॉर्डिंगमधून पाऊण मिनिटाची क्लिप काढण्याचे काम माझ्याकडे आले. पहिली क्लिप मी तीन ठिकाणी चुकवली. त्या चुका बहुतेक जण करतात, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

क्लिपची सुरुवात सत्राच्या सुरुवातीपासून करणे

रेकॉर्डिंग उघडले की पहिली काही मिनिटे समोर येतात आणि हात तिथेच कात्री चालवू लागतो. प्रत्यक्षात त्या मिनिटांत स्वागत असते, वक्त्यांचा परिचय असतो आणि ‘माझा आवाज येतोय का?’ हा सनातन प्रश्न असतो. मी परिचयातलेच एक वाक्य उचलले होते: ‘हुमणी ही ऊस पिकावरील एक महत्त्वाची कीड आहे.’ ज्याच्या शेतात ती आहे, त्याला हे सांगण्याची गरज नाही आणि ज्याच्या शेतात नाही, तो तेवढ्यावर थांबत नाही.

सुरुवातीचे वाक्य शोधण्यासाठी रेकॉर्डिंग शेवटाकडून, म्हणजे प्रश्नोत्तरांपासून ऐकावे. वक्ता मांडणी करत असताना भाषा सावध असते, पण प्रश्न विचारणारा माणूस आपले नुकसान थेट बोलून दाखवतो. आमच्या रेकॉर्डिंगमध्ये ५३व्या मिनिटाला एक शेतकरी म्हणाले होते, ‘ऊस नुसता ओढला तर हातात आला बघा, खाली मूळच नाही.’ हे वाक्य म्हणायला चार सेकंद लागतात आणि त्यात किडीचे नावही नाही. तरीही आडसाली ऊस पिवळा पडलेला पाहिलेल्या माणसाचा अंगठा त्यावर थांबतो. असे वाक्य वापरण्याआधी बोलणाऱ्याची परवानगी घ्यावी आणि पडद्यावरचे त्याचे नाव झाकावे.

कापताना अर्थ बदलणे

ही चूक सर्वांत महागात पडते, कारण ती कापणाऱ्याच्या लक्षातच येत नाही. त्या शेतकऱ्याला उत्तर देताना तज्ज्ञ असे म्हणाले होते:

‘ही अळी आता तिसऱ्या अवस्थेत आहे. आता औषधाचा उपयोग होत नाही असं मी म्हणणार नाही, पण खर्चाच्या मानानं हाती फार लागत नाही. लहान असताना, जुलैपर्यंत, गोष्ट वेगळी असते.’

मी सेकंद वाचवण्यासाठी मधला भाग काढला आणि क्लिपमध्ये उरले ते ‘आता औषधाचा उपयोग होत नाही’. ऐकायला ते जोरदार होते, पण तज्ज्ञांनी जे नाकारले होते तेच त्यांच्या तोंडी गेले. क्लिप मंजुरीसाठी पाठवली तेव्हा त्यांनी फोन करून शांतपणे विचारले, ‘हे मी कधी म्हणालो?’ मराठीत नकार आणि ‘असं नाही’, ‘पण’, ‘तर’ यांसारखे शब्द बहुधा वाक्याच्या शेवटी किंवा जोडावर येतात. त्यामुळे वाक्य मध्येच तोडले की अर्थ उलटण्याचा धोका मोठा असतो. तेव्हापासून मी क्लिपचा मजकूर आधी कागदावर उतरवतो, मूळ परिच्छेद त्याच्या शेजारी ठेवतो आणि पूर्ण वाक्येच निवडतो. ‘मघाशी म्हटलं तसं’, ‘या स्लाइडवर’ असे मागचे-पुढचे संदर्भ असलेली वाक्येही वगळतो, कारण क्लिप पाहणाऱ्यासाठी ‘मघाशी’ काही घडलेलेच नसते.

दुरुस्त केलेली संहिता अशी झाली:

० ते ४ सेकंद, शेतकऱ्याचा आवाज: ‘ऊस नुसता ओढला तर हातात आला बघा, खाली मूळच नाही.’

४ ते १२ सेकंद, तज्ज्ञ: ‘ही अळी आता तिसऱ्या अवस्थेत आहे. … खर्चाच्या मानानं हाती फार लागत नाही.’

येथे मी पुन्हा थांबलो, कारण हे वाक्यही ‘पण’नंतरचे आहे. संदर्भ तुटू नये म्हणून जोडाच्या जागी पडद्यावर ‘आता औषध घातले तरी’ एवढी पाटी टाकली आणि ती तज्ज्ञांना दाखवूनच कायम केली.

१२ ते २४ सेकंद, तज्ज्ञ: ‘हिला आवरायची खरी वेळ पहिला वळीव पडला की असते. संध्याकाळी भुंगेरे जमिनीतून बाहेर येतात आणि झाडांवर जमतात.’

२४ ते ४० सेकंद, निवेदन: ‘कडुनिंब, बाभूळ, बोर यांवरचे हे भुंगेरे कसे गोळा करायचे आणि प्रकाश सापळा कुठे लावायचा, हे रविवारी १८ मे रोजी दुपारी ३ वाजता मराठीतून समजून घ्या. सत्र मोफत आहे, प्रश्न कन्नडमधूनही विचारता येतील. नोंदणीसाठी खालची लिंक दाबा.’

झाडांची नावे क्लिपमध्येच द्यावीत की राखून ठेवावीत, यावर आमच्यात वाद झाला. माझ्या मते ती द्यावीत, कारण सत्र न पाहणाऱ्यालाही उपयोगाचे काही मिळते आणि गोळा करण्याची पद्धत तरीही सत्रासाठी उरते. जे सत्रात नाही त्याचे आमिष मात्र क्लिपमध्ये कधीही लावू नये.

नोंदणीचे आवाहन अर्धवट ठेवणे

पहिल्या क्लिपचा शेवट ‘आजच नोंदणी करा’ एवढाच होता. वार, वेळ आणि भाषा यांचा पत्ता नव्हता. सीमाभागात भाषा सांगणे अत्यावश्यक आहे, कारण क्लिप एका गटातून दुसऱ्या गटात फिरत अथणी-रायबागच्या कन्नड भाषकांपर्यंत सहज जाते आणि सत्रात येऊन परत फिरलेला माणूस पुन्हा येत नाही.

तारीख आणि वेळ नेहमी शेवटच्या तुकड्यातच असावी. आम्ही आधी संध्याकाळी ७ची वेळ ठेवली होती. ‘भुंगेरे वेचायचे की मोबाईल बघायचा?’ असे एका शेतकऱ्याने विचारल्यावर ती बदलावी लागली. वेळ क्लिपच्या मध्यभागी पाटीवरही आलेली असल्यामुळे सगळी क्लिप पुन्हा बांधावी लागली.

‘खालची लिंक’ हे शब्दही सर्वत्र खरे ठरत नाहीत. व्हॉट्सॲपच्या संदेशात लिंक दाबता येते. इन्स्टाग्रामच्या मजकुरातली लिंक दाबता येत नाही, आणि यूट्यूब शॉर्ट्सच्या वर्णनातली किंवा कमेंटमधली लिंक ऑगस्ट २०२३च्या अखेरीपासून उघडत नाही. म्हणून शेवटची चार सेकंदे दोनदा ध्वनिमुद्रित करावीत. एकदा ‘खालची लिंक दाबा’ असे म्हणावे आणि एकदा ‘आमच्या प्रोफाइलवरची लिंक दाबा’ असे.

चित्राविषयी थोडेसे

आडवे रेकॉर्डिंग मोबाईलसाठी उभे कापले की रुंदीचा एक तृतीयांशाहूनही कमी भाग उरतो आणि स्लाइड निम्म्यातच तुटते. त्यासाठी वर स्लाइड आणि खाली वक्त्याचा चेहरा अशी मांडणी करावी. झूमच्या क्लाउड रेकॉर्डिंगमध्ये `Record active speaker, gallery view and shared screen separately` हा पर्याय सत्राआधीच चालू ठेवला, तर दोन्ही चित्रे वेगळी मिळतात. सत्र संपल्यानंतर तो चालू करून काही हाती लागत नाही. बरेच जण क्लिप आवाज बंद ठेवून पाहतात, त्यामुळे पहिले वाक्य अक्षरांतही ठळक दिसले पाहिजे. शेतकऱ्याचे ते ‘बघा’ आम्ही प्रमाण भाषेच्या हट्टापायी अक्षरांतून गाळले होते, ते नंतर परत घातले.