फार्महाऊसच्या रेंडरमधलं धुरकट: या चुका टाळा

पन्हाळ्याच्या वाटेवर एका शेतकरी कुटुंबासाठी फार्महाऊसचं काम करत होतो. मधे घर, उजव्या हाताला गोठा, मागे गुऱ्हाळाचं पत्र्याचं छप्पर आणि चहूकडे ऊस. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये केलेलं पहिलं रेंडर घरच्या काकांना दाखवलं. त्यांनी ते बराच वेळ न्याहाळलं आणि म्हणाले, "जोतिबाचा डोंगर आमच्या अंगणातनं रोज दिसतोय. तुमच्या चित्रात कुठं गेला?"

डोंगर मी बसवला होता, पण माझ्याच धुरकटानं तो गिळला होता. मोकळ्या शिवाराच्या रेंडरमध्ये ही चूक फार होते. दूरचं थोडं फिकट दिसावं म्हणून `Volume Scatter` लावायचा, `Density` मध्ये 0.01 टाकायचं, कारण आकडा लहान दिसतो. पण ही घनता दर मीटरला मोजली जाते आणि कॅमेऱ्यासमोर काही किलोमीटर हवा असते. 0.01 ठेवलं तर 60 मीटरवरच्या घरावरच 45 टक्के धुरकट चढतं आणि 600 मीटरवरची झाडांची रांग जवळजवळ पूर्ण पुसली जाते. डोंगर तर लांबच राहिला.

म्हणून आकडा अंदाजानं न टाकता आधी ठरवावं की त्या दिवशी किती लांबचं दिसतं. काळसर वस्तू जिथं जेमतेम ओळखू येते ते अंतर मीटरमध्ये घ्यायचं आणि 3.912 ला त्यानं भागायचं. मी जानेवारीतल्या उन्हं वर आल्यानंतरच्या वेळेसाठी 12 किलोमीटर धरले.

```
घनता = 3.912 / 12000 = 0.000326
उरलेला मूळ रंग = e^(-0.000326 × अंतर)
```

आता घरावर 2 टक्के धुरकट येतं, 600 मीटरवरच्या झाडांवर 18 टक्के आणि 6 किलोमीटरवरच्या डोंगरावर 86 टक्के. घर स्वच्छ, झाडं किंचित फिकटलेली, डोंगर फिकट निळसर पण जागेवर. पाऊस ओसरल्यावरची धुतलेली हवा दाखवायची असेल तर 25 किलोमीटर धरा. मग त्याच डोंगरावर साधारण 61 टक्केच चढतं.

हा आकडा `World` च्या `Volume` ला जोडला की दुसरी अडचण येते. ब्लेंडरच्या सायकल्स या रेंडर इंजिनमध्ये ती हवा अमर्याद असते, त्यामुळे सूर्याचा आणि आकाशाचा प्रकाश वाटेतच संपतो आणि चित्र काळं पडतं. मोठ्या ठोकळ्यात हवा भरली तर प्रकाश येतो, पण कित्येक किलोमीटरच्या ठोकळ्यात रेंडर रेंगाळतं आणि दाणे जाता जात नाहीत. सूर्याची तिरीप किंवा गुऱ्हाळाचा धूर दाखवायचा असेल तर तेवढ्यापुरता छोटा ठोकळा ठेवावा. लांबचं धुरकट मी कंपोझिटिंगमध्येच करतो.

त्यासाठी `Mist` पास चालू करायचा. त्याचे मुळातले आकडे `Start` 5 मीटर आणि `Depth` 25 मीटर असे असतात, म्हणजे 30 मीटरवर, अंगणातच धुकं पूर्ण दाट होतं. ते बदलून `Start` 0, `Depth` 8000 आणि `Falloff` ला `Linear` ठेवा. मग कंपोझिटरमध्ये `Mist` ला `Math` नोडनं −2.6 नं गुणा, कारण 0.000326 गुणिले 8000 म्हणजे तेवढंच. पुढं `Exponent` लावा आणि आलेला आकडा 1 मधून वजा करा. हा झाला धुरकटाचा मुखवटा, म्हणजे चित्रात कुठं किती धुरकटाचा रंग मिसळायचा ते हा सांगतो. `Depth` पासवरूनही हे जमतं, पण त्याच्या कडा मऊ नसतात आणि पानांच्या कडेला करवती दात दिसतात.

आकाश मात्र यातून वगळावं लागतं, नाहीतर त्यावरही 93 टक्के रंग फासला जातो. `Film` मधलं `Transparent` चालू करून रेंडर घ्या, मुखवट्याला चित्राच्या `Alpha` नं गुणा आणि आकाश शेवटी `Alpha Over` नं मागं जोडा. धुरकटाचा रंग पांढरा किंवा राखाडी निवडू नका. क्षितिजाच्या थोडं वरचा आकाशाचा रंग उचला. तसं केलं की डोंगर आकाशात विरघळत जातो, कापून चिकटवल्यासारखा वाटत नाही.

एवढं करूनही माझा डोंगर गडद राहिला, कारण त्याचं चित्र मी सोयीसाठी 400 मीटरवर उभं केलं होतं. धुरकट अंतरावरून ठरतं. 400 मीटरवरच्या वस्तूला ते 12 टक्केच मिळणार. डोंगर खऱ्या अंतरावर, त्या प्रमाणात मोठा करून ठेवा आणि कॅमेऱ्याचं `Clip End` 10000 मीटरपर्यंत वाढवा, नाहीतर तो गायबच होईल. डोंगर फोटोतून घेतला असेल तर त्या फोटोत आधीच धुरकट असतं. त्यावर पुन्हा चढवायचं नाही.

बरोबर जमलंय का ते गोठ्याच्या दारातला अंधार सांगतो. दारातलं काळं राखाडी झालं असेल तर जवळच्या हवेतच धुरकट जास्त आहे. तो अंधार, झाडांखालची सावली आणि डोंगराची घळ या तिन्हींमध्ये पायरीपायरीनं फिकटपणा वाढायला हवा.

धुरकट झालं, आता उसाच्या सऱ्या. डोळ्याच्या उंचीवर कॅमेरा ठेवला की सऱ्या दिसत नाहीत, म्हणून अनेकजण दोन सऱ्यांमधलं अंतर 3 मीटर करतात. शेतात ते 4 ते 5 फूट असतं, आणि बघणारा कोल्हापूरचा असेल तर ही गोष्ट त्याला लगेच खटकते. शिवाय ऊस आणि घर यांचं माप बिघडून घर खेळण्यातलं वाटतं. खरं कारण वेगळं आहे. गुडघाभर ऊस, सव्वा मीटरची सरी आणि उभ्या माणसाची नजर असेल, तर आडव्या सऱ्यांमधली माती चार-पाच पावलांपलीकडे दिसतच नाही. पुढची ओळ ती झाकते. कॅमेरा फिरवून सऱ्या नजरेच्या दिशेनं, थोड्या तिरक्या पळवा. तेवढ्यानं ओळी लांबवर जातात.

आणि उभ्या उसात सऱ्या शोधू नका. माणसाच्या वर गेलेला ऊस म्हणजे हिरवी भिंत असते. तिची उंची 3 मीटर धरली तर गोठ्याची वळचण तिच्यामागं झाकली जाते. म्हणून मी पुढच्या तुकड्यात ऑक्टोबर-नोव्हेंबरची पूर्वहंगामी लागण दाखवली, जी जानेवारीत गुडघ्याएवढी असते, आणि मागच्या तुकड्यात तुरे आलेला आडसाली ऊस उभा केला. लागणीच्या प्रत्येक ओळीत अधेमधे तुटाळ ठेवली आणि रोपांची उंची थोडी कमीजास्त केली.

गोठा आणि गुऱ्हाळ घराभोवती मोजूनमापून मांडू नयेत. उकिरडा गोठ्याजवळ, वैरणीची गंजी हाताशी, गुऱ्हाळाबाहेर वाळत घातलेली चिपाडं आणि तिथून रस्त्यापर्यंत गाडीच्या चाकोऱ्या, एवढं आलं की त्या इमारती वापरातल्या वाटतात. गुऱ्हाळाचं धुराडं पेटलेलं दाखवायचं असेल तर चित्राचा काळ गळिताच्या हंगामातलाच हवा.

दुसरं रेंडर काकांनी फोनवरच मोठं करून बघितलं आणि म्हणाले, "आता दिसतोय जोतिबा. ही पुढची लागण आमचीच हाय न्हवं?"