लचक म्हणून सोडलेला खुबा: मुलांच्या सांध्यात पू होतो तेव्हा या चुका टाळा

धायरीतला पाच वर्षांचा मुलगा, वजन सोळा किलो. शुक्रवारी सोसायटीच्या आवारात पडला आणि संध्याकाळी लंगडायला लागला. आजीने तेल लावलं. शनिवारी ताप आला, तापाचं औषध दिलं. रविवारी एक्स-रे काढला, तो नॉर्मल आला. "लचक आहे, पण ताप आहे म्हणून इंजेक्शन देतो," असं म्हणत जवळच्या डॉक्टरांनी सेफ्ट्रायाक्सोन दिलं आणि सोमवारी सकाळी पुन्हा एक. सोमवारी संध्याकाळी सिंहगड रोडची गर्दी कापत वडील त्याला कडेवर घेऊन आमच्याकडे आले. उजवा पाय गुडघ्यात वाकवलेला, बाहेर वळलेला. हात लावू देत नव्हता, आणि दुखतंय कुठे विचारलं की गुडघा दाखवत होता.

पहिली चूक इथेच होते. खुब्याचं दुखणं मूल गुडघ्यात सांगतं, मग एक्स-रे गुडघ्याचा निघतो. खुब्याचा काढला तरी सुरुवातीच्या दिवसांत त्यात बहुधा काही दिसत नाही. पडल्याची गोष्ट तर प्रत्येक मुलाच्या आईकडे असते; पाच वर्षांचं पोर रोजच पडतं. पडल्याने ताप येत नाही, हे एवढं धरून ठेवलं तरी पुष्कळ. चार गोष्टी बघायच्या: ३८.५ अंश सेल्सिअसच्या वरचा ताप, पायावर अजिबात भार न देणं, ईएसआर ४० च्या वर आणि पांढऱ्या पेशी १२,००० च्या वर. १९९९ मध्ये कोशर आणि सहकाऱ्यांनी मांडलेले हे निकष आजही कामाचे आहेत. सीआरपी लिटरला २० मिलिग्रॅमच्या वर असेल तर संशय आणखी बळावतो. आमच्या या मुलाच्या चारही गोष्टी जुळत होत्या, आणि सीआरपी ११२ होता. सर्दीनंतर खुबा आठवडाभर दुखून आपोआप बरा होतो, तेव्हा मूल सहसा इतकं आजारी दिसत नाही. तान्ह्या बाळात मात्र हे निकष लागू पडत नाहीत. तिथे लंगोट बदलताना रडणं आणि एक पाय न हलवणं, एवढीच खूण असू शकते.

दुसरी चूक म्हणजे सांध्यात सुई घालण्याआधीच दिलेलं अँटिबायोटिकचं इंजेक्शन. रविवारच्या डोसने त्या रात्री ताप उतरला, घरच्यांना वाटलं गुण आला, आणि एक दिवस गेला. शिवाय त्या एका डोसने कल्चर कोरडं येऊ शकतं. मग पुढचे तीन आठवडे अंदाजाने औषध द्यावं लागतं. मूल सेप्सिसमध्ये असेल, तर ब्लड कल्चर घेऊन अँटिबायोटिक तत्काळ सुरू करा. एरवी सांध्यातलं पाणी काढेपर्यंतचे दोन-तीन तास थांबणं परवडतं. ते पाणी नुसतं साध्या नळीत पाठवू नका. थोडं लहान मुलांच्या ब्लड कल्चर बाटलीत घाला, कारण सहा महिने ते चार वर्षांच्या मुलांत किंगेला नावाचा जंतू असू शकतो आणि तो साध्या प्लेटवर उगवायला कुरकुर करतो. उरलेलं ग्रॅम स्टेन आणि पेशी मोजायला द्या.

सगळ्यात महाग पडणारी चूक तिसरी: "सकाळी एमआरआय करू, मग ठरवू." खुब्याची कॅप्सूल घट्ट असते. आत पू साठला की दाब वाढतो आणि मांडीच्या हाडाच्या गोल डोक्याला रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्या दबतात. दुसरीकडे पांढऱ्या पेशींतली एन्झाइम्स कूर्चा खात असतात, आणि ती एकदा गेली की परत येत नाही. सोनोग्राफीत पाणी दिसलं आणि बाकीचं चित्र जुळलं, तर त्याच रात्री ओटी लावा. एमआरआय लगेच मिळाला तर ठीक, त्यासाठी थांबू नका. एक छोटी व्यावहारिक गोष्ट: सोनोग्राफीला पाठवतानाच मुलाला उपाशी ठेवायला सांगा. कोणीतरी लाडाने बिस्कीट देतं आणि भूल पुढे ढकलावी लागते.

रात्री दहाला भूल देऊन सुई घातली, घट्ट पिवळा पू आला. नमुना हातात आल्यावर तिथेच अँटिबायोटिक दिलं. मग पुढच्या बाजूने खुबा उघडून साधारण एक लिटर नॉर्मल सलाइनने, पाणी स्वच्छ येईपर्यंत धुतलं आणि ड्रेन ठेवला. सलाइनमध्ये अँटिबायोटिक मिसळण्याची सवय सोडा. शिरेतून दिलेलं औषध सांध्यात चांगलं पोचतं. गुडघ्यासारख्या सांध्यात कधी सुईने पू काढूनही भागतं. खुब्यात मी तो धोका पत्करत नाही.

औषध कोणतं? मुख्य आरोपी स्टॅफिलोकोकस ऑरियस, म्हणून पाया सेफाझोलिनचा: किलोला दिवसाला १०० मिलिग्रॅम, तीन भागांत. सेफ्ट्रायाक्सोन दिवसातून एकदा द्यायला सोयीचं, पण स्टॅफसाठी ते दुय्यम. आपल्याकडे एमआरएसएही दिसतो, म्हणून कल्चर येईपर्यंत व्हॅन्कोमायसिन जोडलं. फक्त व्हॅन्कोमायसिन किंवा फक्त क्लिंडामायसिन लहान मुलाला देऊ नका, कारण किंगेला दोघांनाही दाद देत नाही. दोन डोस होऊनही आमच्या बाटलीत साधा, मेथिसिलिनला दबणारा स्टॅफ उगवला. हे निव्वळ नशीब. अठ्ठेचाळीस तासांनी व्हॅन्कोमायसिन बंद केलं.

बुधवारी ताप गेला. शुक्रवारी सीआरपी ४१ आणि मूल पाय हलवून वरणभात मागत होतं. त्या दिवशी शिरेतलं औषध थांबवून तोंडाने सुरू केलं. इथे वडिलांनी विचारलं, "डॉक्टर, सलाइन एवढ्यात बंद? पूर्ण तीन आठवडे नको का?" ही भीती आपल्यातही आहे. फिनलंडमधल्या २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १३० मुलांना दोन ते चार दिवसच शिरेतून औषध दिलं होतं, आणि एकूण १० दिवसांचा गट ३० दिवसांच्या गटाइतकाच बरा झाला. तिथे एमआरएसएचा प्रश्न नव्हता, आणि आपला मुलगा तीन दिवस उशिरा आला होता, म्हणून मी एकूण तीन आठवडे धरले. पण हाताला सुई लावून तीन आठवडे वॉर्डात ठेवण्याचं कारण नव्हतं.

तोंडाचं औषध निवडताना मात्र दोन ठिकाणी पाय घसरतो. सेफ्ट्रायाक्सोननंतर सवयीने सेफिक्झिम लिहिलं जातं, आणि स्टॅफवर त्याचा फारसा उपयोग नाही. इंजेक्शनने बरं वाटलेलं मूल चौथ्या दिवशी तापलं, तर आधी चिठ्ठी बघा. दुसरं, डोस. सेफॅलेक्सिन किलोला दिवसाला १०० मिलिग्रॅम, म्हणजे या मुलाला दिवसाला १६०० मिलिग्रॅम, ४०० चे चार डोस. पाच मिलिलिटरमध्ये २५० मिलिग्रॅमचं सिरप असेल तर दर वेळी आठ मिलिलिटर. नेहमीच्या सवयीने "एक चमचा तीन वेळा" लिहिलं की ७५० मिलिग्रॅम होतात, निम्म्याहूनही कमी. मेडिकलवाल्याने फोन करून "डोस जास्त वाटतोय" म्हटलं तरी बदलू नका. चार वेळा देणं जमेल का, रात्रीचा डोस कोण देणार, हे आईशी बसून ठरवा.

दोन-तीन दिवसांत ताप उतरला नाही किंवा सीआरपी पुन्हा चढला, तर अँटिबायोटिक बदलत बसू नका. आत परत पू साठलाय का ते बघा आणि गरज पडली तर पुन्हा धुवा. मांडीच्या हाडाचा वरचा टोकाचा भाग खुब्याच्या कॅप्सूलच्या आतच असतो, त्यामुळे मूळ पू हाडात असून तिथून सांध्यात फुटलेला असू शकतो. एमआरआयची खरी वेळ तेव्हा येते, आणि हाडात असेल तर तीन आठवडे पुरत नाहीत.

हा मुलगा दहाव्या दिवशी नॉर्मल सीआरपी घेऊन आला, लंगडणं थोडं होतं. पुढचे एक्स-रे सहा आठवडे, सहा महिने आणि वर्षभराने ठरवले आहेत. खुब्याच्या गोल डोक्याचं काय झालं ते लगेच कळत नाही.