सहकाऱ्याची आई गेली : बडोद्यात सांत्वनाचं पत्र कसं लिहावं

बडोद्यात ऑफिसातल्या कुणाच्या घरी असं झालं की व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर ‘ॐ शांति’ची रांग लागते आणि मग बेसणं जाहीर होतं. सगळे पांढऱ्या कपड्यांत जातात, फोटोला फूल वाहतात, हात जोडतात, दहा मिनिटं बसून उठतात. तिथं बोलायची पद्धत नाही आणि ती बरीच आहे. जे बोलायचं राहतं त्याला पत्र. ग्रुपवर दोन शब्द टाकले म्हणून पत्र लिहायचं चुकत नाही.

एक उदाहरण धरून चालू. मकरपुऱ्याच्या जीआयडीसीतला एक कारखाना, त्याचं अकाउंट्स खातं. तिथल्या एका ताईंची आई ४ तारखेला गेली. ऑफिसात सगळे त्यांना ‘बेन’ म्हणतात, पण शेजारच्या टेबलावरचा मराठी मुलगा त्यांना ताई म्हणतो. पत्र तो लिहितोय. आईंना तो कधी भेटलेला नाही.

कागद घेण्याआधी टेबल बघा

हे आधी करायचं, कारण पत्राचा अर्धा उपयोग यात आहे. ‘काही लागलं तर सांगा’ हे वाक्य लिहिणाऱ्याला हलकं करतं, वाचणाऱ्याला नाही. काय लागेल ते आठवायचं आणि तोंड उघडून मागायचं, ही दोन्ही कामं त्यात तिच्याच गळ्यात पडतात. त्यापेक्षा तिला रात्री कशाची आठवण होऊन दचकायला होईल, ते आपण शोधावं.

या ताईंकडे जीएसटी आहे. दरमहा भरणाऱ्यांची जीएसटीआर-१ ११ तारखेला असते, खरेदीची २बी १४ तारखेला पोर्टलवर येते आणि ३बी २० तारखेला. आई ४ला गेली, म्हणजे तेरावा १६ला. यातल्या दोन तारखा सरळ दिवसांत येतात आणि तिसरी ताई परतल्या-परतल्या. तेव्हा आधी शेठशी बोलून घ्या, पोर्टलचा ओटीपी कुणाच्या मोबाइलवर येतो ते विचारा, मगच लिहा. वचन लिहून मोकळं व्हायचं आणि ११ तारखेला ओटीपीसाठी तिलाच फोन लावायचा, असं झालं तर पत्र न लिहिलेलं परवडलं.

आणखी एक. लग्न झालेल्या मुलीला आईवडिलांचं सुतक बऱ्याच मराठी घरांत तीनच दिवसांचं धरतात. ऑफिसात कुणीतरी हिशेब करतं की मग त्या चौथ्या दिवशी येतील. पत्रात याचा वाससुद्धा नको. कधी येणार, हे विचारूच नये.

आईंबद्दल एक गोष्ट

भेट झालेली नसेल तर माणसं घाबरून ‘प्रेमळ, धर्मपरायण, आदर्श माता’ असं लिहितात. हे विशेषण कुठल्याही आईला चालतं, म्हणून या आईला लागत नाही. तुम्हाला आईंबद्दल जे ठाऊक आहे ते ताईंच्याच तोंडून कळलेलं असतं, आणि तेच लिहायचं. दुपारी एकला त्यांचा फोन यायचा. ताई डबा उघडायच्या आधी ‘हो, जेवतेय’ म्हणायच्या. एवढं पुरे. शेजारच्या टेबलावर बसून त्याने ते रोज ऐकलंय, दुसऱ्या कुणाला ते लिहिता येणार नाही.

आजार, हॉस्पिटल, शेवटचे दिवस यात शिरू नका. ‘वय झालं होतं’, ‘सुटल्या बिचाऱ्या’ हे म्हणायचा हक्क घरच्यांचा; बाहेरच्याने लिहिलं तर ते बोचतं. स्वतःची आई गेली तेव्हा काय झालं, तेही या पत्रात नको. फार तर एक अर्धं वाक्य.

आता लिहा

साधा कोरा कागद, हाताने, एका बाजूला मावेल इतकं. फुलं छापलेलं कार्ड नको. वर ‘श्री’ लिहीत नाहीत, खुशालीचं विचारत नाहीत, शेवटी ‘लोभ असावा’ही नाही. नावाआधी ‘कै.’ लावायची घाई तुम्ही करू नका. ते पेपरातल्या जाहिरातीत येईलच.

भाषेची बडोद्याची म्हणून एक अडचण आहे. आपल्याकडे घरात मराठी बोलतात, पण शाळा अनेकांची गुजराती, त्यामुळे पत्राचं मराठी म्हटलं की हात अडखळतो आणि गुजराती पेपरातल्या अवसान नोंधीचा साचा उचलला जातो : ‘प्रभू सद्गतांच्या आत्म्यास शांती अर्पो’. मुलाचा पहिला खर्डा असाच होता : ‘आपल्या मातोश्रींच्या दुःखद निधनाची वार्ता समजून अतीव दुःख झाले. ईश्वर आपणास हे दुःख सहन करण्याची शक्ती देवो. काही मदत लागल्यास कळवावे.’ यात चूक काही नाही, पण ताईंचं नाव खोडून दुसरं घातलं तरी तसंच राहील. कँटीनमध्ये बोलतो तसं लिहायचं ठरवल्यावर पत्र असं झालं :

‘ताई,

आई गेल्याचं कळलं. फार वाईट वाटलं. बेसण्याला आलो होतो, पण तिथं काही बोलता आलं नाही.

मी त्यांना भेटलो नव्हतो. पण रोज एकला त्यांचा फोन यायचा आणि तुम्ही डबा उघडायच्या आधीच “हो, जेवतेय” म्हणायचात, ते मी ऐकायचो. दोन दिवस झाले, एक वाजला की तुमच्या टेबलाकडे लक्ष जातं.

कामाचं एवढंच, की ११ची जीएसटीआर-१ मी भरतोय. शेठशी बोललोय, ओटीपी त्यांच्याकडे येतो. १४ला २बी आली की खरेदीची बिलं जुळवून ठेवीन. २०ची ३बी तुम्ही असाल तर तुम्ही बघा, नसाल तर शेठना दाखवून भरू. यातल्या कशासाठीही ऑफिसातून तुम्हाला फोन येणार नाही.

या पत्राचं उत्तर नको.’

खाली फक्त नाव.

आईंबद्दल अहो-जाहोतच लिहिलंय, ताई स्वतः ‘ती’ म्हणत असल्या तरी. आणि कामाचा परिच्छेद आईंच्या नंतर आहे. तो वर गेला तर पत्र रजेच्या अर्जाला दिलेल्या उत्तरासारखं वाटतं.

पोचवायचं कसं

बेसण्यात देऊ नका. पाकीट फोटोजवळच्या फुलांत हरवतं. ताई मांजलपूरला राहत असल्या तरी हे दिवस त्या माहेरी, दांडिया बाजारात भावाकडे असणार, तेव्हा पत्र तिकडे गेलं पाहिजे. पोस्टावर सोडण्यापेक्षा सहा-सात तारखेला स्वतः जावं, दारात जो येईल त्याच्या हाती पाकीट द्यावं आणि निघावं. अस्थी घेऊन घरचे चांदोदला गेलेले असतील तर शेजारी ठेवलं तरी चालतं. पाकिटावर ताईंचं नाव, घराण्याचं नको.

ऑफिसातल्या सगळ्यांना सही करायची असेल तर तो कागद वेगळा करा. तुमच्या पत्रावर पंधरा सह्या आल्या की एक वाजताच्या फोनची गोष्ट कुणाचीच राहत नाही.

उशीर झाला, तेरावाही उलटला, तरी पत्र जाऊ द्या. तेव्हा कामाचा परिच्छेद गाळा, उशिराबद्दल सफाई देत बसू नका, आणि ताई ऑफिसात आलेल्या असतील तर पाकीट टेबलावर न ठेवता संध्याकाळी निघताना हातात द्या, म्हणजे ते त्यांना सगळ्यांसमोर उघडावं लागणार नाही.