पुस्तक हाताशी, तरी चौथा प्रश्न कोरा : ओपन बुक कायद्याच्या पेपरात वेळेच्या या चुका टाळा

तीन तास, चार प्रॉब्लेम, प्रत्येकी 25 गुण आणि बाकावर बेअर अ‍ॅक्ट. ऐकायला सोपं वाटतं. पण अशा पेपरात नापास होणारा विद्यार्थी बहुतेक वेळा कलम माहीत नसल्यामुळे नापास होत नाही. पहिल्या प्रश्नाला सत्तर मिनिटं गेलेली असतात आणि चौथ्याला वेळच उरलेला नसतो.

आधी हिशोब बघू. तीन प्रश्न झकास लिहून प्रत्येकी 19 मिळाले आणि चौथा सुटला, तर होतात 57. चारही प्रश्न बरे लिहून प्रत्येकी 16 मिळाले, तर 64. उत्तरातले पहिले दहा-बारा गुण वादमुद्दे ओळखून योग्य कलम लावलं की हाती येतात. सोळाचे एकोणीस करायला मात्र तितकीच मेहनत पुन्हा लागते. म्हणून चौथा प्रश्न सोडून पहिला सजवत बसणं हा तोट्याचा सौदा आहे.

चूक पहिली : मिनिटं ठरवणं, पण घड्याळाची वेळ न ठरवणं

"प्रत्येकी चाळीस मिनिटं देईन" हे मनात ठरवून भागत नाही. पेपर 11 ला सुरू होत असेल तर उत्तरपत्रिकेच्या कच्च्या कामाच्या पानावर पाच वेळा लिहून ठेवा : 11.10, 11.50, 12.30, 1.10, 1.50. पहिली दहा मिनिटं चारही प्रश्न वाचायची, मग चार वेळा चाळीस मिनिटं आणि शेवटची दहा राखीव. काटा तिथे पोचला की वाक्य पूर्ण करायचं, खाली अर्धं पान सोडायचं आणि पुढच्या प्रश्नाला नव्या पानावर हात घालायचा.

मोबाईल बाहेर ठेवावा लागतो आणि तालुक्याच्या केंद्रावर भिंतीवरचं घड्याळ चालू असेलच याची खात्री नसते. साधं काट्याचं मनगटी घड्याळ न्या, स्मार्टवॉच चालणार नाही.

चूक दुसरी : लिहिता लिहिता पुस्तक उघडणं

सगळ्यात जास्त वेळ इथेच गळतो. अर्ध्या वाक्यात "कलम 73 चं स्पष्टीकरण नेमकं काय होतं?" असं वाटतं, पान शोधता शोधता शेजारचं उदाहरण दिसतं, तेही वाचलं जातं आणि सात मिनिटं गेलेली असतात. पुस्तक उघडायचं ते फक्त आराखडा करताना. एका प्रश्नामागे तीनदा आणि दर वेळी दोन मिनिटांच्या आत. तेवढ्यात सापडलं नाही तर क्रमांकाशिवाय नियम आपल्या शब्दांत लिहा. नियम बरोबर असेल तर क्रमांक नसल्याने फारसं बिघडत नाही.

त्यासाठी घरूनच एका पानाची अनुक्रमणिका तयार हवी : डावीकडे वादमुद्दा, मग कलम, मग तुमच्या प्रतीतला पान क्रमांक. पुस्तकाला पंधरा-वीस चिकटपट्ट्या पुरे. साठ लावल्या की त्यातली हवी ती शोधायलाच वेळ जातो. अनुक्रमणिका आणि खुणा आत चालतात का, की फक्त कोरा बेअर अ‍ॅक्ट, हे हॉलतिकिटावरच्या सूचनांत आधी बघून घ्या.

कलम जसंच्या तसं उतरवूही नका. करार कायद्याचं कलम 56 हाताने पूर्ण लिहायला पाच-सहा मिनिटं लागतात. ते परीक्षकाच्याही समोर आहे, त्यामुळे त्याचे गुण पडत नाहीत. घटनेला लागू होणारे चार-पाच शब्द उचलायचे, बस.

चूक तिसरी : सगळ्या मुद्द्यांना सारखा वेळ

समजा प्रॉब्लेम असा आहे. शेतकरी 3 ऑक्टोबरला व्यापाऱ्याला पत्र लिहितो : "यंदाच्या माझ्या पिकातला 40 क्विंटल कापूस 7,200 रुपये भावाने 15 डिसेंबरला देईन." व्यापारी 8 तारखेला स्वीकृतीचं पत्र पोस्टात टाकतो. 9 तारखेला शेतकरी फोन करून प्रस्ताव मागे घेतो. पत्र 11 तारखेला पोचतं. नोव्हेंबरात अवकाळी पावसाने त्याच्या वावरातली पऱ्हाटी झोपते आणि कापूस हातचा जातो. 15 डिसेंबरला बाजारभाव 7,900 असतो. व्यापारी भावातला फरक मागतो, शिवाय जिनिंगवाल्याशी केलेला सौदा बुडाला म्हणून आणखी एक लाख.

यात तीन वादमुद्दे आहेत. बहुतेक जण पहिल्यावरच, म्हणजे करार झाला की नाही यावर, दोन पानं लिहितात, कारण नोट्समध्ये प्रस्ताव-स्वीकृतीचा मजकूर भरपूर असतो. पण इथे तारखाच उत्तर देतात. कलम 4 प्रमाणे पत्र पोस्टात पडलं की प्रस्ताव देणाऱ्यापुरती स्वीकृती पूर्ण होते. ते 8 तारखेला झालं. कलम 5 प्रमाणे त्यानंतर प्रस्ताव मागे घेता येत नाही, आणि फोन आला 9 ला. चार मिनिटं, सहा ओळी.

खरी झुंज कलम 56 वर, म्हणजे करार पाळणं अशक्य झालं का यावर आहे. शेतकरी म्हणेल, "माझ्या पिकातला" असं लिहिलंय, ते पीकच गेलं. ठराविक जमिनीतलं बटाट्याचं पीक रोगाने गेल्यावर विक्रेता सुटला होता, तो हॉवेल विरुद्ध कूपलँड (1876) त्याच्या बाजूने आहे. व्यापारी म्हणेल, कापूस बाजारात मिळत होता, भाव चढला म्हणून करार अशक्य होत नाही. सत्यब्रत घोष (1954) मध्ये सर्वोच्च न्यायालयाने "अशक्य" याचा अर्थ निव्वळ शारीरिक अशक्यता इतका अरुंद धरला नाही, तोही इथे तपासावा लागतो. ज्या मुद्द्यावर घटना दोन्हीकडे ओढतात, त्यालाच तेरा मिनिटं द्या.

नुकसानभरपाईला आठ. निकाल शेतकऱ्याच्या बाजूने वाटला तरी "करार टिकला असं धरल्यास" म्हणून हा भाग लिहायचाच, नाहीतर त्याचे गुण फुकट जातात. कलम 73 प्रमाणे फरक 700 गुणिले 40, म्हणजे 28,000 रुपये. जिनिंगच्या सौद्याची कल्पना शेतकऱ्याला करार करताना होती असं प्रश्नात कुठेच नाही, म्हणून एक लाख दूरचं नुकसान ठरतं, हॅडली विरुद्ध बॅक्सेंडेल (1854). निष्कर्षाला दोन मिनिटं. आराखड्याची दहा, लिखाणाची ही सत्तावीस आणि पुन्हा वाचायला तीन, अशी चाळीस भरतात.

गाडी घसरलीच तर

1.10 वाजलेत आणि दोनच प्रश्न झालेत असं समजा. राखीव दहा धरून पन्नास मिनिटं उरतात. त्यांचे सरळ दोन भाग करा, प्रत्येकी पंचवीस. तिसऱ्यावर "थोडंच राहिलं" म्हणत चाळीस घालवू नका. तीन मिनिटांत वादमुद्दे टिपा आणि प्रत्येकावर चारच ओळी लिहा : मुद्दा, कलम, घटनेतली नेमकी गोष्ट, निष्कर्ष. निवाडे आठवले तर, नाहीतर राहू द्या. पुस्तक बंद.

सगळं वेळेवर झालं असेल तर 1.50 नंतर नवीन मुद्दा सुरू करू नका. सोडलेल्या अर्ध्या पानांवर राहिलेले निष्कर्ष लिहा, प्रश्न क्रमांक तपासा आणि पुरवण्या क्रमाने लावून दोरा बांधा. पुरवणी संपत आली की शेवटच्या ओळीपर्यंत थांबू नका, पाव पान उरलं असतानाच हात वर करा. पर्यवेक्षक खोलीच्या दुसऱ्या टोकाला असले की दोन-तीन मिनिटं सहज जातात.